उकळलेलं पाणी आठवडाभर ठेवणाऱ्यांसाठी

मूळ पोस्ट (मानेवाडा): एकदा खळखळ उकळलं की जंतू मेले, विषय संपला. आम्ही रविवारी वीस लिटर उकळतो, माठात भरतो, शनिवारपर्यंत तेच पितो. रोज गॅस जाळणाऱ्यांनी जरा डोकं वापरावं.

निवृत्त केमिस्ट, धरमपेठ: हे वाचून गप्प बसवेना. जंतू मेले हे खरं आहे. पण आपल्या नागपूरच्या नळाच्या पाण्यात, पेंचचं असो की कन्हानचं, थोडं क्लोरीन शिल्लक ठेवलेलं असतं. वाटेत किंवा घरात नव्याने काही शिरलं तर त्याला आवरायला ते असतं. उकळताना ते उडून जातं. मग माठातल्या पाण्याला कोणी राखणदारच उरत नाही. पेला धरलेली चार बोटं एकदा बुडाली तरी पुरतं.

गेल्या मे महिन्यात शेजारच्या मुलाला दोनदा जुलाब झाले. घरचे म्हणायचे, आम्ही तर उकळूनच पितो. मी दूषित पाणी काळं पडतं त्या तपासणीच्या तीन बाटल्या भरल्या. एकीत पातेल्यातलं नुकतंच उकळून निवलेलं, दुसरीत माठातलं तिसऱ्या दिवसाचं, तिसरीत उकळतं ओतून बूच लावलेल्या फ्लास्कमधलं. दुसऱ्या दिवशी माठाची बाटली काळीशार, बाकीच्या दोन जशाच्या तशा. काळी पडली नाही म्हणजे पाणी नक्की चांगलं, असं होत नाही. पण काळी पडली तर ते पाणी पिऊ नये.

मग माठात हात घातला. गळ्याच्या खाली बोटाला बुळबुळीत लागलं. माठ कधी पूर्ण रिकामा केलाच नव्हता, उरलेल्यावरच नवं ओतत होते.

मानेवाडा: माझ्या घरी कोणालाच काही झालं नाही. शेजाऱ्याच्या घाणीवरून मला शिकवू नका.

महालची काकू: उकळलेलं पाणी मेलेलं असतं, त्यातली हवा जाते, म्हणून ते लवकर खराब होतं. आमच्या सासूबाई तांब्याच्या गुंडात ठेवत, कधी त्रास नाही.

निवृत्त केमिस्ट, धरमपेठ: काकू, हवा गेल्याने चव सपक होते, हे तुमचं बरोबर. पण खराब होतं ते बाहेरून काही शिरल्यामुळे. तांब्याने जंतू कमी होतात, पण गुंडात हात बुडत असेल तर त्याच्या भरवशावर राहू नका.

हिंगण्याचा पोट्टा: आमच्याकडे आरओ हाय, त्याचं वाया जाणारं पाणी कूलरमध्ये टाकलं तर चालते का? खसच्या टट्ट्यांवर पांढरा थर बसला बाप्पा.

सक्करदऱ्याचा दादा: नको टाकू! क्षार त्यात जास्त, कूलरमध्ये पाणी उडून जातं आणि क्षार मागे राहतात. माझ्या पंपाची जाळी चोंदली, भर मे महिन्यात दोन रात्री कूलर बंद. फरशी पुसायला वापर.

हिंगण्याचा पोट्टा: म्हणजे एवढं पाणी फेकायचंच काय? माझी माय बोलते ना मग!

सक्करदऱ्याचा दादा: फेकू नको, साठव. बोअरचं पाणी असेल तर आरओ ठेव. कन्हानचं नळाचं येतं त्यांनी कशाला घेतला तेच मला कळत नाही.

प्रतापनगरची ताई: कशाला घेतला ते आमचं आम्ही बघू! कूलर पुरे आता. आमचं मशीन आहे, माठ नाही, म्हणजे आमचं पाणी सुरक्षित ना?

निवृत्त केमिस्ट, धरमपेठ: ताई, मशीनमधला कार्बन क्लोरीन आधीच काढून घेतो. बऱ्याच मशीनमध्ये यूव्ही दिवा टाकीच्या अलीकडे असतो, पाणी पुढे गेलं की त्याचं काम संपलं. टाकीत ते सात-आठ लिटर माठातल्या पाण्यासारखंच राखणदाराविना पडून राहतं. रोज वापरून बदलत राहिलं तर ठीक. लग्नाला आठ-दहा दिवस बाहेर गेलात, तर आल्यावर टाकी पूर्ण रिकामी करा, पुन्हा भरून तेही सोडा, मग प्या. फिल्टर बदलायला येणारा मुलगा टाकी उघडत नाही, त्याला उघडायला लावा. आतल्या कडेला बोट फिरवा.

प्रतापनगरची ताई: फिरवलं. चिकट आहे. तीन वर्षं पैसे भरतेय, एकानेही सांगितलं नाही! संताप आला आहे.

मानेवाडा: बरं, मग किती दिवस ठेवायचं तेवढं सांगा, भाषण नको.

निवृत्त केमिस्ट, धरमपेठ: हात बुडत असेल तर त्याच दिवशी संपवा. तोटीचं, घट्ट झाकणाचं भांडं, दर वेळी रिकामं करून घासून वाळवलेलं असेल तर मी दोन दिवस धरतो.

महालची काकू: मी एकच धरते. उन्हाळ्यात तर दोन नकोच.

मानेवाडा: तोटीचं भांडं आणतो. वीसऐवजी सहा लिटर उकळीन, दोन दिवसांचं. रोज नाही म्हणजे नाही. आणि माझा माठ आजच रिकामा केला, तळाशी काय होतं ते इथे लिहिणार नाही.