मदत हवी आहे: कन्व्हर्ट केल्यावर ६०० एमबीचा व्हिडिओ दीड जीबीचा कसा झाला?

मनीमाऊ: बहिणीच्या हळदीचा १० मिनिटांचा व्हिडिओ आयफोनवर घेतला होता, १०८०पी. फाइल ६०० एमबी. आमच्या जुन्या टीव्हीवर नुसता आवाज यायचा, चित्र नाही. म्हणून एका कन्व्हर्टरमध्ये ‘एमपी४, हाय क्वालिटी’ निवडून बदलून घेतला. आता टीव्हीवर दिसतो, पण फाइल दीड जीबी! चित्र तर पूर्वीसारखंच आहे. मग हे जास्तीचं आलं कुठून?

गणोबा: आयफोन एचईव्हीसीमध्ये साठवतो, टीव्हीसाठी एच.२६४ केलंस. जुना कोडेक जागा जास्त खातो. इलाज नाही.

तिरपागडा: कोडेकचं खरं, पण तेवढ्याने अडीचपट होत नाही. मीडियाइन्फोमध्ये दोन्ही फाइलींचा Overall bit rate बघून सांग.

मनीमाऊ: जुनीचा ८ मेगाबिट, नवीचा २०.

तिरपागडा: हेच ते. सेकंदाला २० मेगाबिट, ६०० सेकंद, म्हणजे १२,००० मेगाबिट. आठाने भाग, दीड जीबी आले. त्या ‘हाय क्वालिटी’त २० हा आकडा ठरवूनच ठेवलेला दिसतो. मूळ फाइल ८ वर भागत होती, हे तो बघतच नाही. फोनने एकदा टाकून दिलेले बारकावे काही परत येत नाहीत, नुसती जागा भरते. बिटरेट न ठरवता क्वालिटी ठरव, म्हणजे crf. हा आकडा वाढवला की साइझ उतरते, पण चित्रही थोडं उतरतं. आधी मधल्या ३० सेकंदांवर करून बघ:

```
ffmpeg -ss 180 -i haldi.mov -t 30 -c:v libx264 -crf 23 -pix_fmt yuv420p -c:a copy test.mp4
```

yuv420p काढू नकोस, त्याने फाइल ८ बिटची होते. फोनवर एचडीआर चालू असेल तर मूळ फाइल १० बिटची असते, ती तशीच राहिली तर टीव्ही पुन्हा रुसतो. एचडीआर असेल तर रंग मात्र थोडे फिके दिसतील, त्याची खटपट वेगळी.

कोकणमेवा: एवढं कशाला? मी एमकेव्हीचं एमपी४ करताना `-c copy` देतो. दोन मिनिटांत काम, साइझ तीच.

तिरपागडा: तुमच्या फाइलीत आत आधीच एच.२६४ असणार, म्हणून नुसता डबा बदलून भागतं. हिच्या फाइलीत एचईव्हीसी आहे. कॉपी केलं तर टीव्हीवर पुन्हा आवाजच.

मनीमाऊ: केलं. ३० सेकंदांचे ३८ एमबी झाले. म्हणजे सगळ्याचे ७६० होतील ना? अजूनही मूळ फाइलीपेक्षा जास्तच.

तिरपागडा: हळद संध्याकाळची होती का? कमी उजेडात फोन जे दाणे उमटवतो, ते एन्कोडरला तपशीलच वाटतात आणि तो ते इमानेइतबारे जपत बसतो. crf २५ करून बघ, साइझ उतरेल. पण मग मागच्या अंधाऱ्या भिंतीवर चौकोन दिसतात का, ते टीव्हीवरच तपास. मोबाइलवर कळणार नाही.

गणोबा: म्हणजे जुना कोडेक जागा खातोच. मी तेच म्हणत होतो.

मनीमाऊ: २५ ला ३० एमबी, म्हणजे पुन्हा ६०० च्या आसपास. भिंत ठीक आहे, पण आईच्या साडीची जर जरा पुसट वाटतेय. २४ करून बघू का?