मदत हवी आहे: आत्या आली की बाबा कोणाकडे बघतायत तेच कळत नाही (शॉर्टफिल्मचं एडिटिंग)

जुई_बडोदा

नमस्कार मंडळी. आमच्या ग्रुपची एक शॉर्टफिल्म एडिट करतेय. शूटिंग दांडिया बाजारातल्या एका जुन्या घरात झालं, कॅमेरा ग्रुपमधल्या एका मुलाने सांभाळला. एका सीनवर मी अडकलेय.

खोलीची मांडणी सांगते. एका टोकाला झोपाळा, त्यावर बाबा. समोरच्या टोकाला खुर्ची, तिच्यात मुलगी. दोघं समोरासमोर. एका लांब भिंतीत स्वयंपाकघराचं दार आहे आणि त्याच्या समोरच्या भिंतीत रस्त्याकडची खिडकी. मोठा शॉट खिडकीला पाठ लावून घेतलाय, म्हणजे पडद्यावर बाबा डावीकडे, मुलगी उजवीकडे, मागे स्वयंपाकघराचं दार.

सीनचा पहिला भाग झकास कापला जातो. बाबा एकटे फ्रेममध्ये असताना उजवीकडे बघतात, मुलगी डावीकडे. मग आत्या स्वयंपाकघरातून येते, दोघांच्या मधून चालत जाते आणि खिडकीजवळच्या स्टुलावर बसते. बाबा तिच्याकडे वळून बोलायला लागतात, आणि इथून पुढे सगळं विस्कटतं. बाबांचा क्लोजअप आणि आत्याचा क्लोजअप एकापुढे एक लावले की दोघं भांडतायत असं वाटतच नाही. दोघं मिळून तिसऱ्याच कोणालातरी सुनावतायत असं वाटतं. घरी आईला दाखवलं, तिने पहिलाच प्रश्न विचारला, "हे दोघं कोणाशी बोलतायत? अजून कोणी आलंय का?"

कॅमेरावाल्या मुलाचं म्हणणं आहे की त्याने अक्षाचा नियम काटेकोर पाळला. सगळे शॉट झोपाळा ते खुर्ची या रेषेच्या खिडकीकडच्या बाजूनेच घेतलेत, स्वयंपाकघराकडे कॅमेरा एकदाही गेला नाही. मी फुटेज पाहिलंय, तो म्हणतो ते खरं आहे. मग गडबड कुठे आहे? आणि एडिटमध्ये सुटण्यासारखी आहे का?

लेन्सवाला

नियम पाळलाय तर काळजी नको. अशा वेळी कटअवे घालायचा. झोपाळ्याच्या कड्या, बाबांच्या हातातला अडकित्ता, काहीही चालेल. मधे दोन सेकंद तटस्थ शॉट आला की प्रेक्षक आधीची दिशा विसरतो आणि पुढचा कट खपून जातो. लग्नाच्या फिल्म्समध्ये मी हेच करतो.

संकलक

जुई, दोन गोष्टी सांग. बाबांचा क्लोजअप घेताना कॅमेरा नेमका कुठे होता, आणि आत्याचा घेताना कुठे होता? "खिडकीच्या बाजूला" एवढ्यावरून कळणार नाही. आणि आवाज बंद करून एक काम कर. आत्याच्या भागातल्या प्रत्येक कटवर थांब, आधीच्या शॉटची शेवटची फ्रेम आणि पुढच्याची पहिली फ्रेम बघ. प्रत्येकीत नाक पडद्याच्या कोणत्या बाजूला आहे ते कागदावर लिही.

नाट्यवेडा

माझीही अशीच अडचण आहे. आमच्या एकांकिकेचं रेकॉर्डिंग दोन कॅमेऱ्यांनी केलं होतं, प्रेक्षागृहाच्या डाव्या आणि उजव्या कोपऱ्यातून. ते जोडताना काही त्रास झाला नाही. पण या वर्षी विंगेत तिसरा कॅमेरा ठेवायचा विचार आहे. तिथेही असंच होईल का?

जुई_बडोदा

@संकलक, बाबांचा क्लोजअप मुलीच्या खुर्चीच्या जरा पुढून, तिच्या डाव्या हाताकडून घेतलाय. संपूर्ण सीन त्याच जागेवरून आहे, त्यामुळे बाबा मुलीकडून आत्याकडे मान वळवतात तेही त्यात आहे. आत्याचा क्लोजअप मात्र झोपाळा आणि खिडकीची भिंत यांच्या मधल्या कोपऱ्यातून आहे.

नाकं लिहून काढली. बाबा मुलीशी बोलताना उजवी, मुलगी डावी. आत्याशी बोलताना बाबा डावी. आत्या बाबांशी बोलताना तीसुद्धा डावी. सगळ्या कटांवर हेच येतंय.

संकलक

सापडलं मग. दोन वेगवेगळ्या शॉट्समध्ये दोन माणसं एकमेकांकडे बघत असतील तर त्यांची नाकं विरुद्ध बाजूंना हवीत. दोघंही डावीकडे बघत असतील तर प्रेक्षकाच्या डोळ्यांना ते शेजारी शेजारी उभे राहून डावीकडच्या कोणाशीतरी बोलतायत असंच दिसणार. तुझ्या आईने अचूक सांगितलं.

आता कॅमेरावाल्याचं कुठे चुकलं ते. त्याने झोपाळा ते खुर्ची ही रेषा मनात आखली आणि ती शेवटपर्यंत सोडली नाही. पण ती रेषा खोलीची नसते, दोन माणसांच्या नजरेची असते. बाबा मुलीशी बोलत होते तोवर ती झोपाळ्यापासून खुर्चीपर्यंत होती. आत्या स्टुलावर बसली आणि बाबा तिच्याकडे वळले त्या क्षणी त्या संवादाची रेषा झोपाळ्यापासून स्टुलापर्यंत झाली, म्हणजे खोलीत तिरकी. कागदावर काढून बघ. बाबांच्या क्लोजअपचा कॅमेरा या तिरक्या रेषेच्या एका अंगाला, मुलीकडे पडतो. आत्याच्या क्लोजअपचा कॅमेरा दुसऱ्या अंगाला, कोपऱ्यात. जुन्या रेषेच्या हिशेबाने दोन्ही एकाच बाजूला आहेत, नव्या रेषेच्या हिशेबाने आमनेसामने.

@लेन्सवाला, कटअवेबद्दल अर्धं पटतं. रेषा एकदा ओलांडून पुढे सगळे शॉट नव्या बाजूचेच वापरायचे असतील तर मधला तटस्थ शॉट तो झटका नक्की पचवतो. इथे तसं नाही. इथे प्रत्येक वाक्याला बाजू बदलतेय. अडकित्ता दाखवून परत आलो की बाबा डावीकडे आणि आत्याही डावीकडेच.

@नाट्यवेडा, प्रेक्षागृहातले दोन्ही कोपरे रंगमंचाच्या एकाच बाजूला असतात, म्हणून तुम्हाला त्रास झाला नाही. आडव्या बोलणाऱ्या दोन पात्रांसाठी बाजूच्या विंगेतला कॅमेरा जवळजवळ रेषेवरच येतो, तेही निभतं. तो रंगमंचाच्या मागच्या पडद्याकडे सरकला की मात्र डावं-उजवं उलटं होईल.

खिडकीतून

आत्याचा शॉट आडवा फ्लिप करून टाका ना. प्रीमियरमध्ये `Horizontal Flip` इफेक्ट आहे, एका मिनिटाचं काम. नाक उजवीकडे होईल, प्रश्न मिटला.

जुई_बडोदा

करून पाहिलं आत्ताच. नजर एकदम जुळते, बघून खूप बरं वाटलं. पण आत्याने साडी नेसलीय, डाव्या खांद्यावरचा पदर उजव्या खांद्यावर जातो. आपल्या बडोद्यात उजवा पदर म्हणजे गुजराती नेसण, ते कोणाच्याही लगेच लक्षात येईल. मागच्या भिंतीवरचं कॅलेंडरही उलटं दिसतंय. फुटेज 4K आहे आणि टाइमलाइन 1920×1080, त्यामुळे दुपटीपर्यंत मोठं करून खांदे कापता येतात. पण एवढ्या जवळ गेलं की आत्या एकदम अंगावर येते. तिचं पात्र शांतपणे टोचून बोलणारं आहे, त्याला ते शोभत नाही.

संकलक

मग फ्लिप नको. मोठ्या शॉटमध्ये बाबा आत्याशी बोलताना कोणीकडे बघतात? खिडकीला पाठ लावलेला कॅमेरा तिरक्या रेषेच्या कोपऱ्याकडच्याच अंगाला येतो, म्हणजे तिथे बाबा उजवीकडे बघत असणार आणि समोर आत्याची पाठ असणार. तो शॉट आत्याच्या क्लोजअपशी बरोबर जुळेल. बाबांची आत्याला दिलेली उत्तरं त्या मोठ्या शॉटमधून घे, 4K आहे तर बाबा आणि आत्याची पाठ एवढाच भाग मोठा कर. बाबांचा चेहरा लहान राहील, पण संवाद दोघांमध्येच चाललाय हे कळेल.

जुई_बडोदा

हो, मोठ्या शॉटमध्ये बाबा उजवीकडेच बघतायत! पण एक अडचण. आत्या "घर विकायचं ठरलंच आहे तर मला कशाला विचारतोस" म्हणते, त्यावर बाबांचा चेहरा जवळून हवाच आहे. सीनचा सगळा जीव तिथे आहे. आणि तो क्लोजअप नेमका डावीकडे बघणारा.

संकलक

मग ती एक बाजू पुन्हा शूट करावी लागेल, आणि आत्याचीच करा. बाबांचा क्लोजअप चांगला आहे, त्यात त्यांची मान वळताना दिसते. त्यामुळे आत्या त्यांच्या कोणत्या अंगाला बसलीय हे प्रेक्षकाला त्या वळण्यातूनच कळतं. आत्ता तू आत्याच्या पहिल्या शब्दावर कापत असशील तर बाबांची मान वळून नजर स्थिर होईपर्यंत थांब, मग काप.

जुई_बडोदा

आत्याचं काम करणाऱ्या मावशी रविवारी मोकळ्या आहेत. पण स्वयंपाकघराकडून कॅमेरा लावला तर मागे खिडकी येते. मुलाने कोपरा त्यासाठीच निवडला होता, नाहीतर चेहरा काळा पडतो.

संकलक

त्याचं कारण योग्य होतं. पण स्वयंपाकघरापर्यंत जायची गरज नाही. तिरकी रेषा जेमतेम ओलांडली तरी पुरे. कॅमेरा झोपाळ्याच्या मागे, बाबांच्या डाव्या खांद्यावरून लावा. फ्रेमच्या उजव्या कडेला बाबांचा खांदा, डावीकडे आत्या, तिची नजर उजवीकडे. तिच्या मागे खिडकी न येता खुर्चीकडची भिंत येईल आणि खिडकीचा उजेड तिच्यावर बाजूने पडेल. झोपाळा मात्र पायाने रोखून धरायला सांगा, नाहीतर खांदा फ्रेममध्ये आत-बाहेर करत राहील. त्याच जागेवरून पुढे येऊन तिचा एकटीचा क्लोजअपही घ्या. नजर लेन्सच्या किती जवळ आहे ते बाबांच्या क्लोजअपशी ताडून बघा. एकाची लेन्सला लागून आणि दुसऱ्याची लांब असेल तर दिशा बरोबर असूनही खटकतं.

लेन्सवाला

माझं अजून एक म्हणणं आहे. ओझूसारख्या दिग्दर्शकाने ही रेषा आयुष्यभर ओलांडली, प्रेक्षक काही हरवले नाहीत. संवाद चांगला असेल तर लोक शब्द ऐकतात, नाकं बघत नाहीत.

संकलक

ओझू ते सतत, ठरवून करायचा. माणसं जवळजवळ लेन्समध्ये बघतात, दोन्ही फ्रेम सारख्या बांधलेल्या असतात, आणि प्रेक्षकाला त्या पद्धतीची सवय सुरुवातीपासून लागते. जुईच्या सीनचा पहिला अर्धा भाग नेहमीच्या पद्धतीने आहे, म्हणून दुसरा अर्धा खटकतो.

लेन्सवाला

मान्य, पण सगळीकडे इतकं मोजून शूट केलं तर नटांना हलायलाच जागा उरत नाही. यावर आपलं जमणार नाही.

जुई_बडोदा

रविवारी खांद्यावरून एक आणि आत्याचा एकटीचा एक, असे दोन शॉट घेतोय. एकच राहिलं. सीनच्या शेवटी मुलगी एकदा आत्याकडे बघते, आणि तिच्या क्लोजअपमध्ये तिथे नाक उजवीकडे आहे. तिचा कॅमेरा बाबांच्या उजव्या हाताकडे होता. लगेच पुढे आत्याचा नवा शॉट लावला तर?

संकलक

तिथे आत्याने मुलीकडे मान वळवायला हवी, म्हणजे नव्या जागेवरून तिचं नाक डावीकडे जाईल आणि जुळेल. ती वळणारी मान कॅमेऱ्यात यायला हवी, मावशींना रविवारीच सांगून ठेव. आणि त्यांना तीच साडी, तसाच पदर घेऊन यायला सांग.