मदत हवी आहे: रबर लावले की दाढा ठणकतात, म्हणून मुलगा ते काढून ठेवतो

शुभदा_क
माझ्या १४ वर्षांच्या मुलाला तीन आठवड्यांपूर्वी ब्रेसेस बसवले. पहिले तीन दिवस त्याला चावता येत नव्हते, पण आठवडाभरात दुखणे थांबले. पाच दिवसांपूर्वी वरच्या सुळ्यापासून खालच्या दाढेपर्यंत रबर लावायला दिले असून ते दिवसाचे २२ तास घालायचे आहेत. तो शाळेत जाताना ते काढतो, रात्री लावतो आणि रोज सकाळी दाढा ठणकत असल्याचे सांगतो. रबर फार घट्ट असतील का? काही दिवस फक्त रात्री लावले तर चालेल का?

पाऊलवाट
माझ्या मुलीच्या गालाला तार टोचत असे. ब्रॅकेट कोरडे करून त्यावर वाटाण्याएवढे मेण दाबून बसवले आणि कोमट पाण्याच्या पेल्यात अर्धा चमचा मीठ घालून गुळण्या केल्या, तेव्हा तिला आराम पडला.

ध्रुव७१
दुखते आहे म्हणजे दात सरकत आहेत. आता दोन-दोन रबर लावावेत, म्हणजे हा काळ लवकर सरेल.

दंतसेवक
कृपया दोन रबर लावू नका. त्याने ताण दुप्पट होतो. दात लवकर सरकण्याऐवजी दुखणे वाढते आणि मुळांनाही इजा होऊ शकते.

शुभदाताई, रबराच्या घट्टपणापेक्षा मला त्यातील खंडाची शंका येते. ताण पडल्यावर दाताभोवतीचा अस्थिबंध हुळहुळा होतो आणि ताण सलग राहिला, तर तो साधारणपणे तीन-चार दिवसांत सरावतो. मुलगा रोज दिवसभर रबर काढून ठेवत असल्यामुळे त्याचा पहिलाच दिवस रोज नव्याने उगवतो आहे. जेवताना आणि दात घासताना काढून लगेच परत लावावेत, आणि सुरुवात शाळेला सुट्टी असलेल्या दिवशी करावी. पहिले दोन दिवस मऊ अन्न आणि थंड पाणी द्यावे. अगदीच असह्य झाले, तर वय-वजनाप्रमाणे पॅरासिटामॉल चालते. ॲस्पिरिन मात्र या वयात देऊ नये. रबर दिवसातून दोन-तीनदा बदलावेत, कारण ते सैल पडतात.

दात किंचित हलल्यासारखे वाटणे अपेक्षित आहे. मात्र एकाच दाताचे दुखणे वाढत गेले किंवा हिरडी सुजली, तर तपासणीची तारीख येण्याची वाट पाहू नये.

ध्रुव७१
दोन रबरांचे माझे म्हणणे मागे घेतो. पण आमच्या डॉक्टरांनी आयबुप्रोफेन दिले होते, ते चुकीचे होते का?

दंतसेवक
चुकीचे म्हणता येणार नाही. ते दीर्घकाळ घेतल्यास दातांची हालचाल मंदावते का, यावर मतभेद आहेत. एक-दोन दिवसांसाठी अनेक जण देतात.

शुभदा_क
शनिवारी सकाळपासून सलग लावले. रविवारी रात्री तो रडवेला झाला होता, तेव्हा एक गोळी दिली. आज मंगळवारी सकाळी दाढा ठणकल्या नाहीत, परंतु उजवी बाजू अजून दुखते. तिकडचा रबर डावीकडच्यापेक्षा जास्त ताणलेला दिसतो, म्हणून उद्या दवाखान्यात विचारणार आहे.

दंतसेवक
अवश्य विचारा. मुलाला स्वतःच्या हाताने रबर लावून दाखवायला सांगा. एका बाजूला चुकीच्या हुकात अडकवले जाणे फार सहज घडते.