एस आधी टाकू नका, आर टाका

>> स्क्रॅबलमध्ये तीस गुण मिळत असतील तर ते घ्यावेत, की चांगली अक्षरं हातात ठेवून वीसवर थांबावं? मला दर वेळी हेच कोडं पडतं.

मागच्या रविवारी कोथरूडला मित्राकडे आमच्या स्क्रॅबलमध्ये अगदी हेच झालं. पहिलीच खेळी होती आणि हातात ए, ई, आर, एस, टी, व्ही, डब्ल्यू. मित्राने वेव्हज लावला. डब्ल्यू दुप्पट अक्षराच्या घरात, शेवटचं अक्षर मधल्या ताऱ्यावर, म्हणजे १५ दुणे ३०. हातात आर आणि टी उरले.

मला वाईट वाटलं ते एससाठी. त्याच जागी वेव्हर लावला असता तरी ३०च झाले असते, आणि हातात एस-टी उरले असते. शंभर टाइल्समध्ये एस फक्त चार. मुरलेले खेळाडू एका एसची किंमत साधारण आठ गुण धरतात, कोऱ्या टाइलची पंचवीसच्या आसपास. शिवाय वेव्हरला पुढे एस जोडता येतो, आणि तो आपल्याच हातात असतो. (समोरच्याकडे दुसरा एस असू शकतो, हा धोका आहेच.)

आता तुमचं कोडं. नुसता वेव्ह लावला तर २० गुण आणि हातात आर-एस-टी. वेव्हरपेक्षा दहा गुण सोडून जास्तीचा मिळतो एक आर. एवढी आरची किंमत मुळीच नाही, त्यात हातात स्वर एकही नाही. इथे मी डोळे झाकून तीस घेईन. दहा गुण सोडून आरऐवजी कोरी टाइल वाचत असती, तर वीसवर थांबलो असतो.

पिशवी रिकामी झाली की मात्र हा हिशोब लागू नाही.