मदत हवी आहे : शाळेच्या नव्या शाखेची प्रवेश-सूचना तपासून द्याल का?

घाटमाथा

नमस्कार. बीड जिल्ह्यातील धारूर तालुक्यात आमच्या संस्थेची पहिली ते सातवीची एक लहान स्वयंअर्थसहाय्यित शाळा आहे. येत्या जूनपासून तालुक्याच्या दुसऱ्या टोकाला, चार-पाच वाड्या-तांड्यांना जवळ पडेल अशा गावात तिची नवी शाखा सुरू करण्याचे ठरले असून पहिल्या वर्षी तेथे लहान गट, मोठा गट आणि पहिली एवढेच वर्ग असतील. प्रवेशाचे पत्रक छापण्याची जबाबदारी माझ्याकडे आली आहे. बैठकीत मंजूर झालेला मसुदा असा :

> प्रवेश सुरू! आमच्या नामांकित शाळेची भव्य नवी शाखा. सुसज्ज इमारत, प्रशस्त क्रीडांगण, चोवीस तास शुद्ध पाणी, वाहनाची सोय. फी दरमहा फक्त ८०० रुपये. पाल्य व पालकांची मुलाखत घेतली जाईल. जन्मदाखला व आधारकार्ड अनिवार्य. प्रथम येणाऱ्यास प्राधान्य. अंतिम मुदत २८ फेब्रुवारी. (मान्यता प्रक्रियेत)

प्रत्यक्षात चार खोल्या बांधून झाल्या आहेत, वर पत्रा आहे, मुलामुलींची स्वच्छतागृहे वेगळी आहेत, बोअरला फेब्रुवारीअखेरपर्यंत पाणी असते आणि पुढे टँकरवर भिस्त आहे. मैदान म्हणजे शेजारचे सपाट केलेले रान असून ते अजून संस्थेच्या नावावर झालेले नाही. शासनाकडून इरादापत्र मिळाले आहे, अंतिम परवानगी बाकी आहे. सुविधा, शुल्क आणि मुदत या तीन बाबी कशा लिहाव्यात, म्हणजे पत्रक खरेही राहील आणि नियमातही बसेल, याविषयी जाणकारांचे मार्गदर्शन हवे आहे.

संस्थाचालक_लातूर

आपण फार विचार करत आहात. शाखा म्हणजे संस्था तीच, तेव्हा मूळ शाळेचा यूडायस हा शासकीय ओळख क्रमांक पत्रकावर टाकावा आणि मुलांची नावे मूळ शाळेच्या हजेरीपटावर घ्यावीत, म्हणजे अंतिम परवानगी उशिरा आली तरी वर्ष वाया जात नाही. मुलाची मुलाखत घेता येत नाही हे मात्र खरे आहे, ती ओळ काढावी आणि फक्त पालकांची मुलाखत ठेवावी. वार्षिक शुल्काचा आकडा पत्रकात देऊ नये. मोठा आकडा पाहून माणूस फाटकातच येत नाही, दरमहाचा आकडा वाचून निदान चौकशीला तरी येतो.

जुना_केंद्रप्रमुख

वरील प्रतिसादातील पहिला सल्ला कृपया मनावर घेऊ नये. यूडायस क्रमांक संस्थेला नव्हे, शाळेला मिळतो, आणि वेगळ्या गावातील वेगळ्या इमारतीत भरणारी शाळा ही अभिलेखात वेगळीच शाळा असते, तिला आपण प्रेमाने शाखा म्हटले तरी. मुले एका गावात बसतात आणि हजेरीपट दुसऱ्या गावात असतो, ही गोष्ट पटपडताळणीच्या दिवशी उघडी पडते. त्या मुलांच्या दाखल्यांचे काय करायचे, हा प्रश्न मग पालकांच्या गळ्यात येतो.

२०१२ च्या स्वयंअर्थसहाय्यित शाळा अधिनियमाप्रमाणे इरादापत्र म्हणजे परवानगी नव्हे. पहिलीपासूनचे वर्ग मान्यतेशिवाय चालवल्यास शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १८ खाली एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो आणि त्यानंतरही शाळा चालू ठेवली तर दर दिवसाला दहा हजारांपर्यंत. म्हणून कंसातली ती बारीक अक्षरे काढून पूर्ण वाक्य लिहा : ‘इरादापत्र मिळाले असून अंतिम परवानगी आल्यावरच पहिलीचे प्रवेश निश्चित केले जातील, तोवर फक्त नावनोंदणी होईल व त्यासाठी कोणतीही रक्कम घेतली जाणार नाही.’ परवानगी मेअखेरपर्यंत आली नाही तर त्या मुलांनी कोणत्या शाळेत जावे, हेही नोंदणीच्या वेळीच पालकांना सांगावे.

मुलाखतीबाबत लातूरच्या मित्रांनी अर्धेच सांगितले. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १३ मध्ये मुलाबरोबर आईवडील आणि पालक यांचीही चाळणी लावण्यास मनाई आहे, आणि पहिल्याच वेळी पंचवीस हजारांपर्यंत दंड आहे. जागांपेक्षा अर्ज जास्त आले तर सर्वांसमक्ष चिठ्ठ्या काढाव्यात. त्याच कायद्याखाली वंचित व दुर्बल घटकांसाठी असलेल्या पंचवीस टक्के राखीव जागांचे प्रवेश शासनाच्या ऑनलाइन प्रक्रियेतून होतात, त्यांची सरमिसळ या पत्रकात करू नये.

जन्मदाखला मागावा, पण ‘अनिवार्य’ लिहू नये. वयाचा पुरावा नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. अंगणवाडीची नोंद किंवा पालकांचे वयाबाबतचे घोषणापत्र चालते, आणि तांड्यावर बहुधा अंगणवाडीची नोंदच हाती लागते. वयाची अट मात्र जन्मतारखेच्या रूपात छापा. आपल्याकडे वय मोजण्यासाठी ३१ डिसेंबर हा मानीव दिनांक आहे, म्हणजे जून २०२६ मध्ये पहिलीत बसणाऱ्या मुलाचा जन्म ३१ डिसेंबर २०२० रोजी किंवा त्यापूर्वीचा हवा. ‘सहा वर्षे पूर्ण’ एवढेच लिहिले की जूनमध्ये प्रत्येक पालक बोटांवर वेगवेगळा हिशेब करत उभा असतो.

मोंढा_नाका

माझे स्पष्ट मत असे आहे की लहान मुलाला नव्या शाखेत घालूच नये, कारण चांगले शिक्षक मूळ शाळेतच राहतात. दोन वर्षे थांबा, निकाल बघा, मग ठरवा.

घाटमाथा

मोंढा_नाका, मी प्रवेश घेणारा पालक नसून पत्रक लिहिणारा आहे. तथापि आपला मुद्दा उपयोगी आहे : तीनही वर्गांना कोण शिकवणार आणि त्यांची अर्हता काय, ही ओळ मसुद्यात नव्हती, ती घालतो.

गोदाकाठची_मावशी

मी माजलगावची आहे. माझी बहीण आणि तिचा नवरा दर वर्षी ऊसतोडीला कोयत्यावर जातात आणि त्यांची दोन मुले तिच्या सासूबाईंजवळ गावी राहतात. गेल्या वर्षी एका शाळेच्या पत्रकावर फेब्रुवारीची मुदत होती. आजी पत्रक घेऊन गेल्या, तर कार्यालयातून ‘आईवडिलांना घेऊन या’ असे उत्तर मिळाले. आईवडील तेव्हा कर्नाटकातल्या फडात होते. कारखान्याचा पट्टा पडून, हंगाम संपून ते परत आले तेव्हा पाडवा होऊन गेला होता आणि जागा भरलेल्या होत्या.

आपल्या तालुक्यात ज्या वाड्यांतून मुले यायची आहेत, तेथील निम्मी घरे दसऱ्यापासून कुलूपबंद असतील, तर २८ फेब्रुवारी ही तारीख नेमकी कोणासाठी ठेवली आहे, हे संस्थेला विचारावे. ‘प्रथम येणाऱ्यास प्राधान्य’ हे वाक्यही मला त्याच कारणाने खटकते. फडातला माणूस प्रथम येणार कसा?

दुसरी गोष्ट पैशांची. जूनमध्ये पेरणी असते, बी-खताला पैसे पुरत नाहीत, आणि शाळा नेमकी तेव्हाच मोठा हप्ता मागते. पैसा हातात येतो तो सोयाबीन निघाल्यावर, किंवा टोळीला मुकादमाकडून उचल मिळते तेव्हा.

जुना_केंद्रप्रमुख

मावशींनी सांगितले ते कोणत्याही परिपत्रकात सापडणार नाही. त्यात एवढीच भर घालतो की आईवडील बाहेरगावी असतील तर आजी-आजोबांच्या सहीने अर्ज घ्यावा आणि तसे पत्रकात छापावे. शिवाय शाळेने ठरवलेल्या मुदतीनंतर आलेल्या मुलालाही पहिलीत प्रवेश नाकारता येत नाही, म्हणून ‘अंतिम मुदत’ हा शब्द नोंदणीपुरता वापरावा.

आता शुल्क. घाटमाथा, ८०० रुपयांखेरीज आपण काय काय घेणार आहात?

घाटमाथा

शिकवणी शुल्क दरमहा ८०० प्रमाणे बारा महिन्यांचे, सत्र शुल्क दोन वेळा प्रत्येकी ८००, प्रवेश शुल्क पहिल्या वर्षी एकदाच ५००, आणि गाडी हवी असल्यास दरमहा ७०० प्रमाणे दहा महिने. देणगी घेतली जात नाही. गणवेश व वह्या कोणत्याही दुकानातून घेता येतील.

जुना_केंद्रप्रमुख

मग हिशेब असा होतो : ९,६०० अधिक १,६०० अधिक ५००, एकूण ११,७०० रुपये. गाडी धरली तर १८,७००. दुसऱ्या वर्षी प्रवेश शुल्क नाही म्हणून ११,२०० आणि गाडीसह १८,२००. ‘दरमहा फक्त ८००’ वाचून आलेल्या माणसाच्या मनात वर्षाचे ९,६०० असतात आणि पावती जवळपास दुप्पट फाडली जाते. भांडण तिथेच सुरू होते. आकडा वाचून माणूस फाटकात येत नाही हे लातूरकरांचे म्हणणे खरे असेलही, परंतु ऑक्टोबरमध्ये मूल काढून नेण्यापेक्षा तो जानेवारीत न आलेला बरा, कारण मधल्या काळात त्या मुलाची जवळच्या जिल्हा परिषद शाळेतली सवयही मोडलेली असते.

संस्थाचालक_लातूर

एकूण आकडा छापा, हरकत नाही. पण शुल्क पालक-शिक्षक संघाच्या कार्यकारी समितीने मंजूर केल्याशिवाय छापता येते का? नव्या शाखेत पालकच नाहीत तर समिती कुठून आणणार? आम्ही मूळ शाळेच्या समितीचा ठराव जोडला होता आणि कोणी विचारले नाही.

जुना_केंद्रप्रमुख

कोणी विचारले नाही याचा अर्थ ते बरोबर होते असा होत नाही, पण प्रश्न रास्त आहे. २०११ चा शुल्क विनियमन कायदा चालू शाळेची घडी डोळ्यांसमोर ठेवून वाचला जातो. मी असतो तर मूळ शाळेच्या ठरावावर विसंबून न राहता प्रस्तावित शुल्क शिक्षणाधिकारी (प्राथमिक) यांना लेखी कळवले असते, त्याची पोच ठेवली असती आणि पत्रकात ‘प्रस्तावित’ हा शब्द घातला असता. इतर जिल्ह्यांत काय करतात ते कोणी सांगितले तर बरे होईल.

घाटमाथा

सर्वांचे आभार. आज अध्यक्षांशी बोलून मजकूर बदलला, तो येथे देतो :

> नव्या शाखेत लहान गट, मोठा गट व पहिली या वर्गांसाठी नावनोंदणी. इरादापत्र प्राप्त असून अंतिम परवानगी आल्यावरच पहिलीचे प्रवेश निश्चित होतील. नोंदणीसाठी पैसे घेतले जात नाहीत. चार खोल्या, पत्र्याचे छप्पर, मार्च-एप्रिलमध्ये सकाळची शाळा. मुलामुलींची स्वतंत्र स्वच्छतागृहे. पाणी : बोअर व ५,००० लिटरची टाकी, मार्चपासून टँकर, खर्च संस्थेचा. खेळासाठी शेजारची जागा तात्पुरती वापरली जाईल. पहिल्या वर्षाचे प्रस्तावित शुल्क एकूण ११,७०० रुपये : प्रवेशाच्या वेळी १,७००, दिवाळीपूर्वी ५,०००, फेब्रुवारीत ५,०००. गाडी ऐच्छिक, वर्षाचे ७,००० वेगळे. नोंदणी ३० एप्रिलपर्यंत. आजी-आजोबांची सही चालेल. जागांपेक्षा अर्ज जास्त आल्यास मे महिन्यात सर्वांसमक्ष सोडत.

शिक्षकांची ओळ त्यांची नेमणूकपत्रे निघाल्यावर घालणार आहे. अध्यक्षांना पत्र्याचा आणि टँकरचा उल्लेख अजूनही मान्य नाही. ‘एवढे कशाला लिहायचे’ असे ते म्हणतात.

गोदाकाठची_मावशी

टँकरचे राहू द्या. आमच्या भागातला पालक ते वाचून बिचकणार नाही, त्याच्या दारातही तोच टँकर येतो. खर्च संस्थेचा आहे हे छापले आहे, त्याला महत्त्व आहे. एक विचारायचे होते : टोळीवर जाताना आईवडील मुलाला सोबत नेतात आणि मार्चमध्ये परत आणतात, अशा वेळी फेब्रुवारीचा हप्ता लागणार का, आणि त्याचे नाव पटावर राहणार का? तेही लिहिलेले बरे.

घाटमाथा

नाव पटावर राहील, हे मी आजच सांगू शकतो. हप्त्याचा विषय शनिवारच्या बैठकीत मांडतो. जवळच्या गावात हंगामी वसतिगृह चालते, तेथे राहणारी मुलेही येऊ शकतील का, हे त्याच वेळी विचारून येथे कळवतो.