अनुभव धागा: आठवीची स्कॉलरशिप, गणित जमतं पण बुद्धिमत्ता राहते

आठवीची आई: मुलगी मराठी माध्यमात आहे. गणिताचे पन्नास प्रश्न वेळेत होतात, बुद्धिमत्तेचे मात्र दहाएक राहूनच जातात. तुमच्याकडे काय झालं, लिहा.

फळा-खडू: वर्गात दरवर्षी हेच बघते. गणित येतं पहिल्या पेपरात मराठीबरोबर, बुद्धिमत्ता दुसऱ्यात इंग्रजीबरोबर. दोन्हीकडे ७५ प्रश्न, ९० मिनिटं. मराठी आपली मुलं वीस मिनिटांत उरकतात, गणिताला सत्तर मिळतात. इंग्रजीचा उतारा मात्र चार-चारदा वाचतात आणि बुद्धिमत्तेला जेमतेम पन्नास उरतात. घड्याळ लावून इंग्रजी कुठे संपतं ते आधी बघा.

सातवीवाला: आमच्या वेळी ही परीक्षा सातवीला असायची. बुद्धिमत्तेला पाढेबिढे काही लागत नाहीत, नजर हवी. आणि येत नसेल तो प्रश्न कोरा सोडावा, चुकलं की गुण कापतात.

फळा-खडू: गुण कापत नाहीत हो, कोरं काही सोडू नये. नजर आकृत्यांना पुरते, दिनदर्शिकेला नाही. २६ जानेवारीला सोमवार, तर त्याच साध्या वर्षी १५ ऑगस्टला कोणता वार? मुलं सगळे दिवस मांडून २०१ आणतात, मग सातने भागतात. त्याऐवजी प्रत्येक महिन्याचे सातावरचे दिवसच धरायचे: जानेवारीचे उरलेले ५, फेब्रुवारी ०, मार्च ३, एप्रिल २, मे ३, जून २, जुलै ३, ऑगस्टच्या पंधरातले १. बेरीज १९, सातने भागून बाकी ५. सोमवारपुढे पाच म्हणजे शनिवार. कागद लागतच नाही. तुमच्या लेकीच्या रफ कामाचं पान बघा. बुद्धिमत्तेच्या प्रश्नांशेजारी लांबलचक बेरजा दिसल्या तर अडचण तोंडी हिशोबाची आहे.

दोन_गोळे: आमच्या चिरंजीवांचं दुखणं उलटं, वेग भरपूर. ‘१२ ने निःशेष भाग जाणाऱ्या संख्या कोणत्या? दोन पर्याय निवडा.’ ३१२, ५२६, ७०८, ९१४. साहेबांनी ३१२ रंगवला आणि पुढे पळाले. ७०८ राहिला, म्हणजे गुण शून्य. आठवीला असे दोन उत्तरांचे प्रश्न असतात, त्यात दोन्ही गोळे रंगवावेच लागतात.

नवखा बाबा: आमच्याकडे बुद्धिमत्तेलाच ९० प्रश्न आहेत, शिवाय विज्ञान आणि समाजशास्त्रही. अभ्यासक्रम बदलला का?

दोन_गोळे: ती एनएमएमएस, दादा. वेगळी परीक्षा.

आठवीची आई: पान पाहिलं. बेरजा आहेतच, आणि इंग्रजीला चाळीस मिनिटं गेलीत! मग बुद्धिमत्ता आधी सोडवू दे का?

फळा-खडू: माझ्या काही मुलांना ते फळलं. घरच्या सरावात करून बघा.

दोन_गोळे: मी नाही म्हणेन. मधूनच सुरुवात केली की उत्तरपत्रिकेत एक ओळ सरकते आणि पुढचं सगळं चुकीच्या क्रमांकावर जातं. आमच्याकडे झालंय.