एआयला फोटो पाठवला की पुढे काय होतं? तुमचे अनुभव सांगा

मुलुंडकर
आमच्या ज्येष्ठ नागरिक संघात या विषयावर बोलायचंय. कच्चा मजकूर असा:

"मंडळी, फोटोची एक प्रत कंपनीच्या सर्व्हरवर जाते. मोठा फोटो तिथे बहुधा लहान केला जातो. मग त्याचे बारीक चौकोन पाडून त्यांचे आकडे बनतात आणि त्यावरून यंत्र एकेक शब्द जुळवत उत्तर लिहितं. उत्तर लिहिताना चष्मा लावून वाचणारं तिथे कोणी बसलेलं नसतं."

पुढे रक्ताच्या रिपोर्टचं उदाहरण घेईन म्हणतो. कोणाला अनुभव?

गिरगावची आजी
आहे ना! नातीने माझ्या रिपोर्टचं अख्खं पान एका फोटोत घेतलं, वर ट्यूबलाइटची चमक. क्रिएटिनिन छापलंय १.१, उत्तरात आलं ११. पोरीने हायच खाल्ली. मी म्हटलं, अगं कागद बघ आधी. मग तेवढ्याच ओळीचा जवळून फोटो काढला, तेव्हा १.१ आलं.

निवृत्त इंजिनिअर
आजी, पान लहान होताना टिंब गेलं असणार. गंमत अशी की आकडा नीट दिसला नाही तरी यंत्र तसं सांगेलच असं नाही, शोभेलसा आकडा लिहून मोकळं होतं. म्हणून आधी "या ओळीत छापलंय ते जसंच्या तसं लिही" एवढंच सांगायचं, कागदाशी ताडायचं आणि मग अर्थ विचारायचा. डॉक्टरांच्या हाताने लिहिलेली चिठ्ठी मात्र केमिस्टलाच दाखवा. तिथे अर्धवट लागलेलं नाव भलत्याच औषधाचं होऊ शकतं.

नाव, फोन नंबर, बारकोड आधी क्रॉप करा. फोनमधल्या हायलायटरने काळं फासू नका, तो रंग थोडा आरपार असतो. उजेड वाढवला की खालची अक्षरं दिसतात.

दादरचे काका
एवढा खटाटोप कशाला? फोटो व्हॉट्सॲपवरून फिरवून घ्यायचा, सगळी माहिती निघून जाते.

निवृत्त इंजिनिअर
फोटोत लपलेलं लोकेशन जातं, तेही डॉक्युमेंट म्हणून पाठवला नसेल तर. कागदावर छापलेलं नाव कसं जाईल, काका? शिवाय व्हॉट्सॲप फोटो दाबून लहान करतं, म्हणजे टिंबाची पंचाईत आणखी.

बोरिवलीची काकू
नातवाने एआयकडून माझा फेटा बांधलेला फोटो करून दिलाय. बँकेत केवायसीला चालेल का?

मुलुंडकर
नाही हो काकू! घरात लावा छानपैकी.

पण चॅट पुसलं की फोटो जातो का? हा प्रश्न हमखास येणार.

निवृत्त इंजिनिअर
आपल्या यादीतून जातो. कंपनीकडून कधी जातो, ते ज्या त्या कंपनीच्या नियमांवर. आपला मजकूर ट्रेनिंगला न देण्याचा पर्याय बऱ्याच ॲपच्या सेटिंगमध्ये असतो, तो सगळ्यांसमोर एकदा उघडून दाखवा.

दादरचे काका
आणि तो पर्याय निवडला तरी कंपन्या ऐकतात कशावरून?

गिरगावची आजी
ते राहू दे. माझा रिपोर्ट नातीच्या फोनवरून गेला, मग तो तिच्या यादीत पडून आहे का?

मुलुंडकर
हो आजी, तिच्याच खात्यात. तिचा फोन आणखी कोण हाताळतं?